कुंपणावरून भिंतीला टेकणारी सर्वांत लहान शिडी : एक प्रकरण अभ्यास

आमच्या जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंचीवर सुरू होऊन ५.५ मीटरपर्यंत गेलेला एक तडा पावसाळ्यापूर्वी भरायचा होता. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्टीत उघडे गटार आणि ड्रेनेजचे चेंबर असल्यामुळे शिडीचा पाय तेथे ठेवता येत नव्हता. शिडी कंपाउंडच्या बाहेर, मागच्या गल्लीत उभी करून भिंतीवरून आत झुकवावी आणि तिचे वरचे टोक इमारतीला टेकवावे, एवढाच मार्ग उरला होता. रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे १४, १६ आणि २० फुटी अशा तीन शिड्या होत्या. गल्लीतून दुचाकींची ये-जा असल्याने शक्य तितकी लहान शिडी आणणे सर्वांच्याच सोयीचे होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत असे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी मला विचारले, “सर, केवढी शिडी पुरेल ते आधी सांगा, म्हणजे एकच आणतो.”

हा प्रश्न मी बारावीच्या वर्गात विकलजाचे उपयोजन म्हणून अनेकदा सोडवून घेतला होता, त्यामुळे उत्तर लगेच देता येईल असे मला वाटले. प्रत्यक्षात माझे पहिले उत्तर चुकले. त्या चुकीत गणिताचा दोष नव्हता, मोजपट्टी कुठून कुठपर्यंत धरायची याचा होता. पुढे बरोबर आलेले उत्तरही वापरण्याजोगे नव्हते, याचे कारण मात्र गणितातूनच कळते.

मांडणी आणि कोन

शिडी जमिनीशी θ कोन करून उभी आहे असे धरू. कुंपणाच्या माथ्याची उंची h आणि त्या माथ्यापासून इमारतीपर्यंतचे आडवे अंतर d मानू. शिडी कुंपणाच्या माथ्याला जेमतेम स्पर्श करून जात असेल, तर तो स्पर्शबिंदू शिडीचे दोन तुकडे करतो. खालचा तुकडा जमिनीपासून माथ्यापर्यंतचा असून त्याची उभी चढण h आहे, म्हणून त्याची लांबी h/sin θ आहे. वरचा तुकडा माथ्यापासून इमारतीपर्यंतचा असून त्याची आडवी व्याप्ती d आहे, म्हणून त्याची लांबी d/cos θ आहे. एकूण लांबी अशी मिळते :

L(θ) = h/sin θ + d/cos θ

हेच गणित शिडीच्या पायापासून कुंपणापर्यंतचे अंतर x हे चल घेऊनही करता येते, आणि पुष्कळ विद्यार्थी तसेच करतात. त्यात वर्गमूळ येते, मग लांबीऐवजी लांबीच्या वर्गाचे विकलन करावे लागते आणि शेवटी x³ = h²d हे समीकरण हाती लागते. उत्तर तेच असते. तरीही मला कोनाचा मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात शिडीचे दोन्ही तुकडे शेवटपर्यंत वेगळे दिसत राहतात आणि कोणता तुकडा कशामुळे वाढतो किंवा घटतो हे प्रत्येक पायरीवर डोळ्यांसमोर राहते.

शिडी अधिक उभी केली, म्हणजे θ वाढवला, की खालचा तुकडा आखूड होतो आणि वरचा लांब होतो. शिडी आडवी पाडली की याच्या उलट घडते. θ शून्याकडे गेला तर खालचा तुकडा अमर्याद वाढतो, आणि ९०° कडे गेला तर वरचा. म्हणजे दोन्ही टोकांना लांबी अमर्याद आहे आणि किमान लांबी मध्येच कुठेतरी असली पाहिजे. दोन्ही पदांचे आलेख या संपूर्ण टप्प्यात वरच्या बाजूने उघडे असल्यामुळे त्यांच्या बेरजेचा आलेखही तसाच असतो, म्हणून तळ एकच आहे. विकलज शून्य होणारा कोन सापडला की तो किमान लांबीचा की कमाल लांबीचा, ही शंका उरत नाही.

विकलज शून्य ठेवल्यावर h·cos θ/sin²θ = d·sin θ/cos²θ असे समीकरण मिळते, आणि त्यावरून

tan³θ = h/d

हा संबंध येतो. तो परत लांबीच्या सूत्रात घातला की किमान लांबी अशी मिळते :

L = (h^(2/3) + d^(2/3))^(3/2)

वर्गात येथे टाळ्या पडत, पण घन कुठून आला हे विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटे. त्याचे उत्तर दोन तुकड्यांच्या घट-वाढीत आहे. कोन थोडासा वाढवला की खालचा तुकडा स्वतःच्या लांबीच्या cot θ पट वेगाने घटतो, आणि वरचा तुकडा स्वतःच्या लांबीच्या tan θ पट वेगाने वाढतो. खाली जेवढे वाचते तेवढेच वर खर्च होते त्या कोनाला शिडी सर्वांत लहान असते. म्हणून तेथे खालच्या तुकड्याचे वरच्या तुकड्याशी गुणोत्तर tan²θ असले पाहिजे. मुळात या दोन तुकड्यांचे गुणोत्तर (h/d)·cot θ आहे. ही दोन्ही गुणोत्तरे समान ठेवली की tan चा घन आपोआप समोर येतो.

पहिली मोजणी आणि १४ फुटी शिडी

कंपाउंडची भिंत गल्लीच्या बाजूने २.५५ मीटर उंच होती. ही उंची माथ्यावर सिमेंटमध्ये रोवलेल्या काचांच्या टोकांपर्यंतची आहे. शिडी काचांवर टेकू नये म्हणून वर १५ सेंटीमीटर मोकळी जागा धरली आणि h = २.७ मीटर ठरवले. उंची गल्लीच्या बाजूनेच मोजली हे योग्य होते, कारण शिडीचा पाय तेथे ठेवायचा होता. आतली जमीन भराव टाकून उंच केलेली असेल तर आतून घेतलेले माप कमी भरते.

पट्टीची रुंदी मी आत उभा राहून मोजली. कंपाउंडच्या आतल्या पृष्ठभागापासून इमारतीपर्यंत ती ५७ सेंटीमीटर भरली, म्हणून d = ०.५७ मीटर घेतले. यावरून tan³θ = ४.७४, tan θ = १.६८, कोन ५९.२° आणि किमान लांबी ४.२६ मीटर आली. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. एका सेंटीमीटरने का होईना शिडी पुरते आहे असे मी मिस्त्रींना सांगितले, आणि त्यांनी १४ फुटी शिडी आणली.

ती पुरली नाही. काचांच्या वर ठरवलेली मोकळी जागा राखून शिडी हिशेबातल्या कोनाला धरली, तेव्हा तिचे वरचे टोक इमारतीपासून वीतभर अलीकडेच हवेत राहिले. पाय पुढे-मागे सरकवून पाहिला, तरी कोणत्याही जागी टोक भिंतीला लागेना. उरलेले आडवे अंतर मोजले तेव्हा ते २२ ते २३ सेंटीमीटर भरले, आणि त्या आकड्यावरून चूक लगेच उघड झाली. कंपाउंडची भिंत नऊ इंची होती, म्हणजे २३ सेंटीमीटर जाड.

पुस्तकातल्या आकृतीत कुंपण ही एक उभी रेषा असते. विटांच्या भिंतीला मात्र दोन कडा असतात, आणि शिडी त्यांपैकी कोणत्या कडेला अडते हे ठरवावे लागते. शिडी गल्लीकडून इमारतीकडे चढत जाते, त्यामुळे बाहेरच्या कडेवर ती खाली असते आणि आतल्या कडेपर्यंत जाताना आणखी वर गेलेली असते. माथा सपाट असेल तर अडथळा नेहमी बाहेरच्या, म्हणजे शिडीच्या पायाकडच्या कडेचाच होतो. म्हणून d हे अंतर बाहेरच्या पृष्ठभागापासून मोजले पाहिजे आणि भिंतीची जाडी त्यात आली पाहिजे. आमच्या बाबतीत ०.५७ आणि ०.२३ मिळून d = ०.८० मीटर होते.

भिंतीच्या जाडीचे २३ सेंटीमीटर शिडीच्या लांबीत तेवढेच राहत नाहीत. किमान लांबीच्या जवळ d एका सेंटीमीटरने वाढले तर लांबी 1/cos θ सेंटीमीटरने वाढते आणि h एका सेंटीमीटरने वाढले तर 1/sin θ सेंटीमीटरने वाढते. d = ०.८० धरून येणाऱ्या ५६.३° च्या कोनाला हे आकडे अनुक्रमे १.८ आणि १.२ आहेत. म्हणजे आडव्या अंतरातली चूक उंचीतल्या चुकीपेक्षा दीडपट महाग पडते. २३ सेंटीमीटरची चूक लांबीत सुमारे ४३ सेंटीमीटरची झाली, म्हणजे जवळजवळ दीड फुटाची.

दुसरी मोजणी

आता h = २.७ आणि d = ०.८. मोजपट्टीवर आलेली मापे यांपासून सेंटीमीटरभर इकडे-तिकडे होती आणि ती मी जवळच्या पूर्ण आकड्यांना आणली, पण त्यामुळे हिशेब फार सुबक झाला. २.७ भागिले ०.८ म्हणजे २७/८, आणि त्याचे घनमूळ ३/२. म्हणजे tan θ = १.५, कोन ५६.३°. खालचा तुकडा ३.२४५ मीटर, वरचा १.४४२ मीटर, एकूण ४.६८७ मीटर. शिडीचा पाय इमारतीपासून २.६ मीटरवर, म्हणजे कंपाउंडच्या बाहेरच्या कडेपासून १.८ मीटरवर येतो, आणि वरचे टोक ३.९ मीटर उंचीवर टेकते. पडताळा सोपा आहे. पायापासून कुंपणापर्यंत १.८ मीटर जाताना २.७ मीटर चढायचे असेल तर चढ १.५ आहे, आणि इमारतीपर्यंत २.६ मीटर जाताना ३.९ मीटर चढायचे असेल तरीही तो १.५ च आहे.

दोन तुकड्यांची घट-वाढ आकड्यांत पाहिली की कोनाची निवड पटते. ५६.३° ला शिडी एका अंशाने उभी केली तर खाली ३.८ सेंटीमीटर वाचतात आणि वर ३.८ सेंटीमीटर खर्च होतात. ४५° ला तेच करून खाली ६.७ सेंटीमीटर वाचतात आणि वर फक्त २ खर्च होतात, म्हणून तेथून उभे होत जाणे फायद्याचे आहे. ७०° ला खाली जेमतेम १.८ सेंटीमीटर वाचतात आणि वर ११ हून अधिक खर्च होतात, म्हणून तेथून आडवे होत जाणे फायद्याचे आहे. विद्यार्थी अंदाजाने बहुधा ४५° सांगतात किंवा tan θ = h/d घेऊन ७३.५° सांगतात. खरा कोन या दोहोंच्या मध्ये पडतो.

किमान बिंदूच्या आसपास लांबीचा आलेख बराच सपाट आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. ५०° ला ४.७७ मीटर आणि ६०° ला ४.७२ मीटर लांबी लागते, म्हणजे दहा अंशांच्या या पट्ट्यात किमान लांबीपेक्षा जास्तीत जास्त आठ-नऊ सेंटीमीटरच अधिक. ५ मीटरची शिडी असेल तर ४४° पासून ६७° पर्यंत कोणत्याही कोनाला ती पुरते. म्हणून अशा कामात कोन अंशापर्यंत अचूक असण्याचा आग्रह व्यर्थ आहे. आग्रह धरायचा तो h आणि d यांच्या मापांचा.

येथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण घनमूळ या प्रश्नात योगायोगाने आलेले नाही. काटकोनाच्या आतल्या एका दिलेल्या बिंदूतून जाणारा आणि दोन्ही भुजांना मिळणारा सर्वांत लहान रेषाखंड म्हणजेच आपली शिडी, आणि या रेषेला बायझँटिअमचा ग्रीक यंत्रविद फायलो याच्या नावाने ओळखतात. दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढण्यासाठी त्याने ही रेषा वापरली होती. कुंपणाची उंची अंतराच्या दुप्पट असेल, उदाहरणार्थ ८ फूट उंच कुंपण भिंतीपासून ४ फुटांवर असेल, तर tan θ = ∛2 येते, आणि तेवढा चढ आखता आला की घन दुप्पट करता येतो. केवळ पट्टी आणि कंपास वापरून हे अशक्य आहे असे फ्रेंच गणितज्ञ पिएर वांझेल याने १८३७ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे अशा मापांसाठी सर्वांत लहान शिडीची रेषा कागदावर पट्टी-कंपासाने काढताच येत नाही. आधी काढलेली रेषा बरोबर आहे की नाही हे मात्र सहज तपासता येते. इमारतीच्या पायथ्याच्या कोपऱ्यातून शिडीवर लंब टाकावा. लंबाच्या पायापासून शिडीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर आणि कुंपणाच्या माथ्यापासून शिडीच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर समान भरले, तर शिडी सर्वांत लहान आहे. आमच्या आकृतीत ही दोन्ही अंतरे ३.२४५ मीटर भरतात.

सर्वांत लहान शिडी का वापरली नाही

१६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. ४.६९ मीटर लागत असताना ही शिडी पुरत होती, आणि मिस्त्री ती आणायला निघालेही होते. त्यांना थांबवण्याचे कारण कोनात होते. शिडी उभी करण्याचा जो नियम अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही घालून दिला आहे, त्यानुसार शिडीच्या पायाचे भिंतीपासूनचे अंतर शिडीच्या वापरातल्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असावे. त्यातून कोन ७५.५° येतो. आमचा किमान लांबीचा कोन ५६.३° होता.

हा फरक पायावरच्या ताणात दिसतो. वरची भिंत गुळगुळीत आहे असे मानले आणि शिडीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर ७० किलो वजनाचा माणूस शिडीच्या टोकाशी पोहोचला असता तिचा पाय बाहेर सरकवणारे बल ७०·cot θ किलो वजनाइतके असते. ५६.३° ला ते सुमारे ४७ किलो येते आणि ७५.५° ला १८ किलो. पहिल्या स्थितीत पाय जागेवर राहण्यासाठी घर्षणाचा गुणांक किमान ०.६७ लागतो, दुसऱ्या स्थितीत ०.२६ पुरतो. कोरड्या खडबडीत काँक्रीटवर रबरी पायाची शिडी कदाचित पहिल्या स्थितीतही धरेल, पण आमच्या गल्लीत शेवाळ असते आणि तेथे एवढ्या घर्षणावर माणसाचा जीव सोपवणे मला मान्य नव्हते.

मग असे विचारता येईल की सर्वांत लहान शिडी आपोआपच सुरक्षित कोनात उभी राहील असे एखादे कुंपण असू शकते का. त्यासाठी tan³θ ची किंमत ५८ च्या थोडी वर हवी, म्हणजे कुंपणाची उंची d च्या ५८ पट हवी. २.७ मीटर उंचीसाठी d साडेचार सेंटीमीटरच्या आसपास येते, आणि नऊ इंची भिंतीची जाडीच २३ सेंटीमीटर असते. ती भिंत इमारतीला अगदी चिकटून बांधली तरी तिची उंची १३ मीटरपेक्षा जास्त असावी लागेल. म्हणजे विटांच्या कोणत्याही नेहमीच्या कुंपणासाठी सर्वांत लहान शिडी धोक्याच्या कोनातच उभी राहते. पाठ्यपुस्तकातला प्रश्न शिडी भिंतीला टेकते की नाही एवढेच विचारतो. तिच्यावर माणूस चढणार आहे ही अट त्यात नसते.

ती अट घातली की प्रश्न बदलतो, पण अवघड होत नाही. कोन ७५.५° पेक्षा कमी नसावा असे म्हटले, आणि ५६.३° च्या पुढे लांबी सतत वाढतच जाते, म्हणून या अटीखालची सर्वांत लहान शिडी नेमक्या ७५.५° लाच मिळते. २.७/०.९६८ आणि ०.८/०.२५ यांची बेरीज ५.९९ मीटर. किमान लांबीपेक्षा हे १.३ मीटर अधिक आहे, आणि २० फुटी शिडी ६.१ मीटरची असते. गल्लीच्या दृष्टीनेही हीच शिडी सोयीची ठरली. १६ फुटी शिडीचा पाय कंपाउंडपासून १.८ मीटरच्या आसपास, जवळजवळ गल्लीच्या मधोमध आला असता, तर या शिडीचा पाय इमारतीपासून १.५२५ मीटरवर, म्हणजे कंपाउंडच्या बाहेर फक्त ७२ ते ७३ सेंटीमीटरवर येत होता. टोक ५.९ मीटर उंचीवर टेकत असल्याने तड्याची पूर्ण लांबी हाताशी येत होती. कंपाउंडच्या बाहेरच्या कडेवर शिडी २.८१ मीटर उंचीवरून जात होती, म्हणजे काचांच्या वर २६ सेंटीमीटर मोकळी जागा राहत होती.

एक गोष्ट मिस्त्रींना मुद्दाम दाखवावी लागली. उभी शिडी अधिक सुरक्षित असे वाटून पाय आणखी आत सरकवण्याकडे कल असतो. शिडीची लांबी ठरलेली असताना पाय आत नेला की टोक वर जाते आणि चढही वाढतो, पण पायापासून कुंपणापर्यंतचे अंतर त्याहून वेगाने घटते, आणि शिडी कुंपणाच्या माथ्यावर खाली येते. पाय इमारतीपासून १.५२५ ऐवजी १.४ मीटरवर ठेवला तर कडेवरची उंची २.८१ वरून २.५५ मीटरच्या किंचित खाली उतरते, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर आत सरकताच शिडी काचांना लागते. तशी टेकलेली शिडी दोन आधारांच्या मध्ये अडकते, वरचे टोक भिंतीवरून सुटू शकते आणि काच फुटली की शिडी एकदम खाली बसते.

गल्लीच्या जमिनीवर कंपाउंडच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून ७२ सेंटीमीटरवर खडूने रेघ ओढली आणि शिडीचे दोन्ही पाय त्या रेघेवर ठेवले. वरचे टोक इमारतीवरील पाण्याच्या पाइपाच्या क्लँपला न बांधता गच्चीवरून सोडलेल्या दोराने बांधले. तडा दोन दिवसांत भरून झाला. दुसऱ्या दिवशी शिडी पुन्हा उभी करताना मिस्त्रींनी मोजपट्टी स्वतःच कंपाउंडच्या बाहेरच्या कडेला लावली.